भुरीच्या प्रश्नाला डाऊनीचे उत्तर का मिळते?

प्रश्न: तासगाव भागातल्या आमच्या द्राक्ष बागायतदार गटाकडे सात हजारांच्या आसपास जुने प्रश्न आणि त्यांना सल्लागारांनी दिलेली उत्तरे साठली आहेत. हंगामात रोज तेच ते प्रश्न येतात. नवा प्रश्न आला की जुळणारा जुना प्रश्न आपोआप समोर यावा, असं करतोय. टीएफ-आयडीएफ लावलं तर भलतंच काहीतरी येतं. एम्बेडिंग लावलं तर विषय बरोबर येतो, पण भुरी हा रोग विचारला की डाऊनी या दुसऱ्याच रोगाचं उत्तर मिळतं. दोन प्रश्नांच्या जवळिकीचा गुण ०.८ च्या वर आला की जुळलं असं धरतो. नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमच्याकडे दोन वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. शब्द मोजून जुळवणाऱ्या टीएफ-आयडीएफच्या बाबतीत तुमचा प्रोग्रॅम मराठी शब्द वाचतच नाहीये. वाक्याचा अर्थ आकड्यांत मांडणाऱ्या एम्बेडिंगच्या बाबतीत मॉडेल त्याचे काम नीट करते आहे, पण तुम्हाला हवे ते काम ते नाही. पहिला दोष अर्ध्या तासात जातो. दुसऱ्यावर मात्र सल्लागारांना शेजारी बसवून काम करावे लागते, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

आधी पहिला. तुम्ही बहुधा `scikit-learn` मधला `TfidfVectorizer` जसाच्या तसा वापरला असणार. शब्द तोडण्यासाठी त्यात `(?u)\b\w\w+\b` हा नमुना ठरलेला असतो. पायथॉनच्या `re` मध्ये `\w` ला देवनागरीची अक्षरे चालतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही चिन्हे चालत नाहीत. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो आणि जो तुकडा एकाच अक्षराचा उरतो तो फेकला जातो. ‘डाऊनी’चा उरतो ‘ऊन’. ‘केवडा’चा उरतो ‘वड’. ‘छाटणी’चा ‘टण’. आणि ‘भुरी’चे काहीच उरत नाही, कारण भ आणि र दोन्ही एकेकटे पडतात. म्हणजे तुमच्या साठ्यातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या रोगाचे नाव शोधयंत्रापर्यंत पोचतच नाही. पडताळून पाहायचे असेल तर `get_feature_names_out()` छापून पाहा. ‘टण’, ‘वस’, ‘ढर’ असले तुकडे दिसले की खात्री झाली.

यावरचा उपाय म्हणजे शब्दांऐवजी अक्षरांचे छोटे तुकडे जुळवायचे:

```python
TfidfVectorizer(analyzer="char_wb", ngram_range=(3, 5), sublinear_tf=True)
```

मराठीला हा उपाय आणखी एका कारणाने मानवतो. आपल्याकडे शब्दाला प्रत्यय चिकटतात. घडावर, घडांना, घडावरची, घडात ही सगळी रूपे शब्द म्हणून वेगळी आहेत, पण तुकड्यांमध्ये ‘घड’ सगळीकडे सापडतो. डाऊनी, डाउनी, डावनी, डावणी अशी चार तऱ्हेची लेखनेही तुकड्यांमुळे थोडीफार जवळ येतात. जिथे मूळ रूपच बदलते तिथे मात्र हे अपुरे पडते. ‘मणी’ आणि ‘मण्यांवर’ यांत शब्दाआधीची मोकळी जागा धरून ‘ मण’ हा एकच तुकडा सारखा निघतो. ‘केवडा’ आणि ‘केवड्याने’ यांची गत थोडी बरी, पण तीही पुरेशी नाही. असे शब्द द्राक्षाच्या कामात मोजकेच आहेत, त्यांची रूपे हाताने लिहून एका रूपावर आणा. केवडा आणि डाऊनी एकच, पिठ्या ढेकूण आणि मिलीबग एकच, अशा जोड्याही त्याच यादीत घाला, कारण त्या जोड्या अक्षरांवरून कधीच जुळणार नाहीत.

त्याआधी मजकूर साफ करायला हवा. मोबाइलवरच्या वेगवेगळ्या कळफलकांतून ‘वाऱ्याने’ हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो. डोळ्यांना तो एकच दिसतो, पण आत चिन्हांचा क्रम वेगळा असतो. नेहमीचे युनिकोड सामान्यीकरण हा फरक मिटवत नाही, तो स्वतः मिटवावा लागतो:

```python
import re, unicodedata

def saaf(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = re.sub("[\u200b-\u200d\ufeff]", "", s)
    s = s.translate(str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789"))
    return re.sub(r"\s+", " ", s).strip().lower()
```

रोमन लिपीत आलेले ‘bhuri aali kay fawaru’ असले प्रश्न आधी देवनागरीत आणा, मगच पुढे सोडा. आणि तयार मिळणारी मराठी ‘बिनकामाच्या शब्दांची’ यादी वापरू नका. अशी यादी वर, खाली, आधी, नंतर असे शब्दही काढून टाकू शकते. पानाच्या वर आणि पानाच्या खाली यांवरच रोग ओळखला जातो, हे तुमच्या सल्लागारांना विचारून पाहा.

आता मूळ अडचणीकडे येतो. एक प्रश्न घेऊ, तुमच्याकडे नोव्हेंबरात असे कितीतरी येत असतील:

*छाटणी करून 45 दिवस झाले घडावर पांढरी पावडर दिसते काय फवारू*

आणि साठ्यातले चार जुने प्रश्न:

पहिला: *भुरी घडांवर आली आहे फुलोरा संपत आलाय कोणते औषध घ्यावे*

दुसरा: *छाटणी करून 45 दिवस झाले पानाखाली पांढरी बुरशी दिसते काय फवारू*

तिसरा: *घडावर पांढरी भुरी दिसते काढणीला 15 दिवस राहिले काय फवारू*

चौथा: *घडावर पांढरे कापसासारखे आणि चिकट पाणी, मुंग्या फिरतात*

नव्या प्रश्नात अकरा शब्द आहेत. त्यांतले नऊ जसेच्या तसे दुसऱ्या प्रश्नात आहेत. तिसऱ्यात सहा आहेत. चौथ्यात एक. आणि पहिल्यात एकही नाही, कारण ‘घडावर’ आणि ‘घडांवर’ हेसुद्धा यंत्राला वेगळे शब्द वाटतात. शब्द मोजणारे कोणतेही यंत्र दुसरा प्रश्न वर आणणार. पण दुसरा प्रश्न डाऊनीचा आहे. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी कापसासारखी वाढ म्हणजे डाऊनी, घडावर पावडर टाकल्यासारखे दिसते ती बहुधा भुरी. दोन्हींना बोलताना बुरशीच म्हटले जात असले तरी त्यांची औषधे वेगळी आहेत. ज्याच्याशी शब्द एकही जुळत नाही, त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या शेतकऱ्याला उपयोगी पडण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

एम्बेडिंगने हे सुटावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ते अर्धे सोडवतेही. पहिला प्रश्न ते पहिल्या दहांत बहुधा आणते, कारण भुरी, घड, औषध, फवारणी यांचा अर्थाने असलेला संबंध त्याला कळतो. पण दुसराही तेवढाच वर आणते. वाक्याचा एकच सदिश, म्हणजे आकड्यांची एक रांग, करताना ‘द्राक्षबाग, छाटणीनंतरचे दिवस, पांढरे काहीतरी, फवारणी’ असे एकंदर चित्र साठवले जाते, आणि पान की घड हा फरक त्या चित्रात फिका पडतो. आकड्यांच्या बाबतीत हे आणखी वाईट आहे, ४५ आणि १०५ दिवस त्याला जवळजवळ सारखेच. हा मराठीचा दोष नाही. इंग्रजीतही २०१९ साली ‘पॉज’ नावाचा संच मुद्दाम अशाच वाक्यांचा केला होता, ज्यांत शब्द तेच पण जागा बदलल्यामुळे बऱ्याचदा अर्थ वेगळा. क्वोराने २०१७ साली खुल्या केलेल्या चार लाखांवर प्रश्नजोड्यांसारख्या संचांवर शिकलेली तेव्हाची चांगली मॉडेल्स या नव्या संचावर चाळीस टक्केही अचूक ठरली नाहीत. विषय एक असणे आणि प्रश्न एक असणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि सदिशांची जवळीक फक्त पहिली गोष्ट मोजते.

म्हणून ‘दोन प्रश्न सारखे आहेत का’ असे विचारणे सोडून द्या. विचारायचे ते असे: जुन्या प्रश्नाचे उत्तर या माणसाला जसेच्या तसे पाठवले तर चालेल का? या एका बदलाने बाकीचे काम सरळ होते. तिसऱ्या प्रश्नात रोग तोच, भाग तोच, शब्दही बरेच तेच. पण काढणीला पंधरा दिवस राहिलेल्या बागेत औषधाचा काढणीपूर्व कालावधी बघूनच सल्ला द्यावा लागतो, नाहीतर माल अवशेष तपासणीत अडकतो. भुरीचेच दोन प्रश्न, पण एकाचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही. उलट ‘भुरीला काय मारू’ आणि ‘पानावर पावडर आली, कोणतं औषध’ हे वेगळे दिसणारे प्रश्न एकाच उत्तरात भागतात. मॉडेलला हे कोणी सांगितलेले नसते. सांगायचे तर तुमच्या सल्लागारांनीच.

मी कामाची मांडणी दोन टप्प्यांत करतो. पहिल्या टप्प्यात दहा-वीस उमेदवार गोळा करायचे आणि तिथे उदार राहायचे. दुसऱ्या टप्प्यात त्यांतले कोणते दाखवायचे ते ठरवायचे आणि तिथे कडक व्हायचे. तुम्ही दोन्ही कामे एकाच आकड्यावर सोडली आहेत.

गोळा करताना अक्षरतुकड्यांचे टीएफ-आयडीएफ आणि एम्बेडिंग दोन्ही वापरा. औषधाचे नाव, वाणाचे नाव, ‘सोनाक्का’, ‘जीए’ असे नेमके शब्द पहिले यंत्र पकडते, दुसऱ्या शब्दांत विचारलेले दुसरे पकडते. दोघांच्या गुणांची मोजपट्टी वेगळी असते, त्यामुळे गुणांची बेरीज करू नका, क्रमांकांची करा. प्रत्येक यादीत उमेदवाराला `1/(60+क्रमांक)` इतके द्यायचे आणि बेरजेने लावायचे. २००९ पासून ही साधी रीत वापरात आहे आणि तिच्यात जुळवत बसण्यासारखे काही नाही. एम्बेडिंगसाठी पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाचे `l3cube-pune/marathi-sentence-similarity-sbert` आणि `intfloat/multilingual-e5-base` ही दोन्ही तुमच्याच प्रश्नांवर लावून पाहा. दुसऱ्यात दोन्ही बाजूंच्या प्रश्नांपुढे `query: ` लिहायचे विसरू नका. सात हजार प्रश्नांसाठी खास सदिश-डेटाबेसची अजिबात गरज नाही. ७६८ आकड्यांचा एक सदिश धरला तर सगळे मिळून साधारण एकवीस एमबी होतात, साध्या संगणकावर सगळ्यांशी तुलना डोळ्याची पापणी लवायच्या आत होते.

इथे जुन्या उत्तरांचाही उपयोग करा. हा भाग लोक हमखास सोडतात. पहिल्या जुन्या प्रश्नात ‘पांढरी पावडर’ हे शब्द नाहीत, पण सल्लागाराने उत्तरात ‘मण्यांवर पांढरी पावडर दिसते ती भुरीच’ असे लिहिलेले असते. शेतकरी लक्षण सांगतो, सल्लागार लक्षण आणि रोगाचे नाव दोन्ही लिहितो, म्हणून या दोघांमधला पूल उत्तरातच सापडतो. उत्तराचा मजकूर वेगळा रकाना म्हणून शोधात घ्या आणि त्याचा क्रमांक तिसरी यादी म्हणून बेरजेत धरा.

उत्तरांचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे. जिऑन, क्रॉफ्ट आणि ली यांनी २००५ साली कोरियातल्या नेव्हरच्या प्रश्नोत्तरांवर काम करताना एक हुशारी केली. ज्या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांसारखी आहेत ते प्रश्नही एकच असावेत, असे धरून त्यांनी वेगवेगळ्या शब्दांतल्या प्रश्नांच्या जोड्या शोधल्या. तुमच्याकडे तर याहून सोपे आहे. सल्लागार हंगामात एकच उत्तर कितीजणांना उचलून चिकटवतात. अक्षरशः तेच उत्तर मिळालेले प्रश्न एकत्र काढा, म्हणजे एकाच गोष्टीसाठी शेतकरी किती तऱ्हेने बोलतात त्याचा आयता कोश हाती येतो. फक्त ‘फोटो पाठवा’, ‘फोन करा’, ‘संध्याकाळी बोलू’ अशी सर्वांना लागू पडणारी उत्तरे आधी काढून टाका. नाहीतर मिलीबग आणि घड जिरणे हे एकच आहे असे यंत्र शिकेल.

आता कडक टप्पा. प्रत्येक प्रश्नातून चार गोष्टी उचलायच्या: छाटणी कोणती, अवस्था कोणती, झाडाचा भाग कोणता, रोग किंवा कीड कोणती. त्यासाठी आधी मोठे मॉडेल नको, शब्दयादी पुरते, कारण द्राक्षाच्या प्रश्नांची भाषा मर्यादित आहे. यात कसब आहे ते प्रश्नात न लिहिलेले वाचण्याचे. नव्या प्रश्नात नुसते ‘छाटणी’ म्हटले आहे. एप्रिलची खरड छाटणी की ऑक्टोबरची फळछाटणी? शेतकऱ्याने लिहिले नाही, पण ‘घडावर’ लिहिले आहे. खरड छाटणीनंतर वेलीवर काड्या तयार होतात, घड नसतात. म्हणजे ही फळछाटणीच. प्रश्न आल्याची तारीखही तेच सांगते. एकदा छाटणी कळली की ४५ दिवसांवरून अवस्था काढता येते. दिवसांचे आकडे थेट जुळवू नका, ४३ आणि ४७ दिवसांना एकच उत्तर असते. कोणत्या दिवसांना कोणती अवस्था धरायची ते सल्लागारांकडून लिहून घ्या, छाटणी आगाप की उशिरा आणि वाण कोणता यावर ते मागेपुढे होते.

प्रत्येक खान्यात एकच किंमत न ठेवता शक्यतांचा संच ठेवा. नव्या प्रश्नात ‘पांढरी पावडर’ आहे, रोगाचे नाव नाही. म्हणून त्याच्या रोगाच्या खान्यात भुरी आणि मिलीबग असे दोन्ही. जुन्या प्रश्नाच्या बाजूला संचाचा अर्थ निराळा ठेवा: ते उत्तर कुठेकुठे चालते. पहिल्या जुन्या उत्तराबद्दल सल्लागार म्हणाले की फुलोऱ्यातही चालेल आणि सेटिंगमध्येही, तर दोन्ही लिहा. मग निर्णय असा:

```python
def tapas(nava, juna):
    vichara = False
    for k in ("chhatani", "avastha", "bhag", "rog"):
        if not juna[k]:
            continue
        if not nava[k]:
            vichara = True
        elif not (nava[k] & juna[k]):
            return "takkar"
        elif not (nava[k] <= juna[k]):
            vichara = True
    return "vichara" if vichara else "chalel"
```

यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘माहीत नाही’ आणि ‘टक्कर आहे’ यांतला फरक. गुणांवर चालणाऱ्या यंत्रात दोन्हींमुळे गुण थोडे कमी होतात, एवढेच. इथे टक्कर झाली की उमेदवार बाद, मग त्याचे गुण कितीही असोत. माहिती अपुरी असेल तर बाद न करता शेतकऱ्यालाच विचारायचे.

आपले चार उमेदवार यातून काढू. दुसऱ्याचा भाग ‘पानाखाली’, नव्याचा ‘घड’, टक्कर, बाद. तिसऱ्याची अवस्था काढणीजवळची, नव्याची फुलोऱ्याची, टक्कर, बाद. म्हणजे शब्द सर्वांत जास्त जुळणारे दोन्ही गेले. पहिल्यात छाटणी, अवस्था, भाग तिन्ही बसतात, पण रोगाच्या खान्यात नव्याकडे दोन शक्यता आहेत आणि जुने उत्तर एकालाच चालते, म्हणून ‘विचारा’. चौथा मिलीबगचा, तोही याच कारणाने ‘विचारा’. आता काय विचारायचे तेही आपोआप कळते, कारण उरलेल्या दोघांत फरक एकाच खान्याचा आहे: पावडर कोरडी आहे की चिकट लागते, आणि मुंग्या फिरतात का? कोरडी म्हणाला तर पहिल्याचे उत्तर, चिकट म्हणाला तर चौथ्याचे. बागेत उभे राहून शेतकरी याचे उत्तर दोन मिनिटांत देतो. तुमचे सल्लागारही फोनवर बहुधा हाच प्रश्न पहिला विचारत असतील.

शब्दयादीने भागेनासे झाले तर त्यापुढे दोन प्रश्न एकत्र वाचणारे मॉडेल शिकवता येते. ते पान आणि घड हे शब्द एकमेकांसमोर ठेवून बघते, त्यामुळे फरक त्याला दिसतो. पण ते फक्त गोळा केलेल्या वीसेक उमेदवारांवरच चालवा. २०१९ च्या सेंटेन्स-बर्ट निबंधात हिशेब दिला आहे: दहा हजार वाक्यांतली सर्वांत जवळची जोडी असे जोडीजोडीने वाचून शोधायला ६५ तास, सदिश आधी काढून ठेवले तर ५ सेकंद. आणि त्याला शिकवताना ‘नाही’ची उदाहरणे टकरीतून बाद झालेल्यांतूनच घ्या. भुरीसमोर बेदाण्याच्या रॅकचा प्रश्न ठेवला तर त्यातून ते काहीच शिकत नाही, भुरीसमोर डाऊनी ठेवली तर शिकते.

०.८ या आकड्याबद्दल. तो कुठून आला? सदिशांची जवळीक सांगणाऱ्या कोसाईनच्या गुणांना स्वतःचा असा अर्थ नसतो, प्रत्येक मॉडेलची पट्टी वेगळी. ई-फाइव्ह मॉडेलच्या माहितीपत्रकातच लिहिले आहे की त्याचे बहुतेक गुण ०.७ ते १ यांच्यामध्येच पडतात. त्याला ०.८ लावले तर साबणापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळे भुरीशी जुळेल. आकडा तुमच्याच प्रश्नांवरून काढावा लागतो. गेल्या हंगामातले, साठ्यात नसलेले तीनशे प्रश्न घ्या. प्रत्येकाला दोन्ही रीतींनी मिळालेले पहिले दहा-दहा उमेदवार एकत्र करा. दोन सल्लागारांना एकमेकांचे न बघता प्रत्येक जोडीपुढे लिहू द्या: जसेच्या तसे चालेल, थोडे जोडून चालेल, चालणार नाही. जिथे दोघांचे मत वेगळे पडते तिथे थांबून चर्चा करा. बहुतेक वेळा तिथे तुमच्या चार खान्यांत नसलेला पाचवा खाना सापडतो, जसे निर्यातीचा माल की स्थानिक, किंवा विचारणारा औषधाचे नाव विचारतोय की दोन औषधे एकत्र मिसळण्याबद्दल.

मग गुणांच्या उतरत्या क्रमाने बघत या आणि चुका जिथे तुम्हाला न परवडण्याइतक्या होतात, त्याच्या वरचा आकडा धरा. इथे दोन चुकांचे वजन सारखे नाही. जुळणारा प्रश्न सुटला तर सल्लागाराला एक उत्तर पुन्हा लिहावे लागते. चुकीचा जुळला तर एक फवारणी वाया जाते, आणि तेवढ्या दिवसांत रोग घडात शिरतो. म्हणून मी अशा कामात कमी दाखवण्याच्या बाजूने असतो. नमुना लहान असला तर फसू नका. शंभर दाखवलेल्या उत्तरांत एकही चूक सापडली नाही, तरी खरा दोष तीन टक्क्यांपर्यंत असू शकतो.

तपासताना आणखी दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. मोजमापासाठी घेतलेल्या प्रश्नांचे जुळे भाऊ शिकवण्याच्या संचात असतील तर निकाल खोटाच चांगला येतो, म्हणून संच प्रश्नागणिक न वाटता तारखेने वाटा. दुसरे, ‘अ हा ब सारखा, ब हा क सारखा, म्हणून अ हा क सारखा’ अशी साखळी लावू नका. पहिल्या जोडीत अवस्था थोडी सरकते, दुसऱ्यात भाग सरकतो, आणि चार कड्यांनंतर भुरीपासून निघून मिलीबगवर पोचता. साठ्यातल्या प्रत्येक गटाला एक मुख्य प्रश्न आणि एक मुख्य उत्तर ठेवा, बाकीचे सगळे थेट त्याच्याशी जोडा.

राहिला जुन्या उत्तराच्या वयाचा मुद्दा. द्राक्षात तो टाळता येत नाही. प्रश्न शंभर टक्के जुळला तरी उत्तर आज चालेलच असे नाही. भुरीसाठी पूर्वी डिनोकॅप सर्रास सांगितले जायचे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या आदेशाने डिनोकॅप, डायकोफॉल आणि मेथोमिल बंद झाली. तुमच्या साठ्यात २०२३ च्या आधीची भुरीची उत्तरे असतील तर त्यांत डिनोकॅपचे नाव सापडण्याची दाट शक्यता आहे, आणि तुमचे यंत्र जितके अचूक होईल तितक्या भरवशाने ते हे उत्तर पुढे करील. निर्यातीच्या बागांसाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी, अवशेष मर्यादा आणि काढणीपूर्व कालावधी हेही वेळोवेळी बदलतात. म्हणून प्रत्येक मुख्य उत्तरातली औषधांची नावे वेगळ्या रकान्यात काढा, शेवटचे कोणी आणि कधी तपासले ती तारीख ठेवा, आणि नवी यादी आली की ज्या उत्तरांतले औषध बदलले ती सगळी सल्लागाराने पुन्हा पाहीपर्यंत आपोआप दिसेनाशी करा. त्या काळात तो प्रश्न जुळला तरी थेट सल्लागाराकडेच जावा, सोबत जुने उत्तर कच्चा मसुदा म्हणून.

दाखवताना नुसते उत्तर पाठवू नका. जुना प्रश्न, त्याची तारीख, बागेची अवस्था आणि मग उत्तर असे दाखवा, आणि खाली ‘माझाही प्रश्न हाच आहे’ व ‘माझं वेगळं आहे’ अशी दोन बटणे ठेवा. दुसरे बटण दाबले की प्रश्न लगेच माणसाकडे जायला हवा, दुसरा उमेदवार दाखवत बसू नका. ‘वेगळं आहे’ म्हटलेल्या जोड्या दर आठवड्याला सल्लागारांसोबत वाचा. खानेयादीत काय कमी आहे ते तुम्हाला तिथेच कळत जाईल. पहिल्या बटणावर मात्र फार विसंबू नका. उत्तर मिळाल्याच्या आनंदात माणूस ते सहज दाबतो, आणि उत्तर त्याच्या बागेला लागू पडले की नाही हे त्याला आठवडाभराने कळते. म्हणून आठ-दहा दिवसांनी त्यांतल्या काहींना एका ओळीचा निरोप पाठवून फरक पडला का ते विचारा, आणि ते उत्तर त्या जोडीपुढे नोंदवून ठेवा.